अमेरिकेत खेळण्यांच्या मालावर ‘नोटीस ऑफ व्हायोलेशन’ आली आहे – छोट्या आयातदाराला नीट कसं समजावावं?

एडिसनची_भाची
न्यू जर्सीतल्या एका काकांसाठी विचारतेय. ते सावंतवाडीच्या बाजूने लाकडी फळं-भाज्यांचे भातुकलीचे संच मागवून विकतात. मंडळाच्या गणपतीत स्टॉल, स्वतःची वेबसाइट आणि दोन भारतीय दुकानं, एवढाच पसारा. आता त्यांना सीपीएससीचं, म्हणजे तिकडच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं पत्र आलंय. काकांना इंग्रजी येतं, पण पत्र चारदा वाचूनही त्यांच्या मनात तीनच गोष्टी आहेत: दंड झाला, धंदा बंद, आणि उरलेला माल पटकन भारतात परत पाठवून द्यावा.

पत्रात आहे ते असं. बंदरात सहा संचांचा नमुना घेतला होता. पिवळ्या रंगात २,१४० पीपीएम शिसं, नारिंगीत १,३१०. लाल आणि हिरवा मर्यादेत. कलम १६ सीएफआर १३०३, म्हणजे शिशाच्या रंगावर बंदी घालणारा नियम. शिवाय ‘चिल्ड्रन्स प्रॉडक्ट सर्टिफिकेट’ नाही आणि ट्रॅकिंग लेबल नाही. शेवटी ‘कन्झ्युमर लेव्हल रिकॉल’ असे शब्द आहेत.

काकांचा मुख्य प्रश्न: माल बंदरातून सुटला होता, मग आता नापास कसा? आणि भारतातला लॅब रिपोर्ट ‘पास’ आहे, त्याचं काय?

मसालेवाला_एनजे
आमच्या हळदीच्या खोक्याचंही असंच झालं होतं. शिशासाठीच अडवलं. खासगी लॅबचा नवा रिपोर्ट जोडला, उत्तर दिलं, सुटलं. काकांना सांग घाबरू नका, एक चांगला रिपोर्ट करून पाठवून द्या.

पोर्ट_न्यूअर्क
मसालेवाले दादा, तुमचं खातं वेगळं. हळद एफडीएकडे जाते, आणि तुमचा माल तेव्हा अडवलेला होता, विकलेला नव्हता. तिथे ‘हा माल ठीक आहे’ हे सिद्ध करायला साक्षी-पुरावे देण्याची संधी असते. इथे सीपीएससीने स्वतःच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून निकाल दिलाय आणि माल लोकांच्या घरी पोचलाय. दुसऱ्या लॅबचा ‘पास’ रिपोर्ट पाठवून हे पत्र मिटत नाही. फार तर त्या रंगाचा दुसरा घाणा वेगळा होता एवढंच दिसेल.

भाची, बंदरातून माल सुटतो तो अटीवर सुटतो. नमुना काढून घेतात, उरलेला माल आयातदाराच्या ताब्यात देतात, आणि प्रयोगशाळेचा निकाल काही आठवड्यांनी येतो. तेवढ्यात आपण विकून मोकळे. ‘सोडला म्हणजे पास केला’ हा समज छोट्या आयातदारांत सर्रास आहे आणि तोच महागात पडतो.

आता पत्राचा अर्थ. सगळ्या पानांत महत्त्वाची ओळ शेवटची आहे, ‘काय करा’ सांगणारी. तिचे साधारण तीन दर्जे असतात. सौम्य असेल तर ‘पुढच्या उत्पादनात दुरुस्ती करा’. त्याच्यावर ‘विक्री थांबवा, दुकानांतला माल परत घ्या’. सगळ्यात वरचा दर्जा काकांना आलाय, ग्राहकाच्या घरातूनही परत घ्या. लहान मुलांच्या हातातल्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या मर्यादेच्या जवळजवळ चोवीस पट असेल तर तो दर्जा येणारच.

या पत्रात दंड नाही. कुठे डॉलरचा आकडा दिसतोय का बघ, नसणार. दंडाची पायरी वेगळी, आणि ती सहसा पत्रानंतर माणूस काय करतो त्यावर ठरते. पत्र आल्यावरही विकत राहिला, आकडे लपवले, तर प्रकरण चिघळतं.

काकांकडून आधी चार आकडे हवेत: किती आले, घरात किती, दुकानांत न विकलेले किती, लोकांकडे किती.

तळकोकण
थोडं कारागिरांच्या बाजूनेही बोलू द्या. सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या हीच फळं बनतात. भारताच्या खेळणी नियमातून हस्तकला विभागाकडे नोंद असलेल्या कारागिरांना बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या परवान्यातून सूट आहे. म्हणजे सरकारनेच मान्य केलंय की हा माल चालतो. अमेरिकेला काय अडचण?

रंगारी_पुणे
सूट आहे हे खरं, पण ती ‘चालतो’ म्हणून नाही, छोट्या माणसाला परवान्याचा खर्च झेपत नाही म्हणून आहे. सूट मिळाल्याने रंगातलं शिसं कमी होत नाही, फक्त ते मोजलं जात नाही.

गोंधळ दोन जागी आहे. पहिला रंगाच्या डब्याचा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांना ९० पीपीएमची मर्यादा आहे, नियम २०१६ चा, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू. पण औद्योगिक रंग त्यात नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात शेजारी शेजारी दोन डबे असतात. एकावर घराच्या रंगाचं नाव, दुसऱ्यावर बारीक अक्षरात ‘औद्योगिक वापरासाठी’. दुसरा स्वस्त, चकचकीत, एका हातात झाकतो. कारागीर कोणता घेईल?

पिवळा आणि नारिंगीच नापास झाले यावरून मला तरी लेड क्रोमेट दिसतंय. रंगधंद्यात त्याला क्रोम यलो म्हणतात, नारिंगी-लालसर भाऊबंद मोलिब्डेट ऑरेंज. सुरक्षा पत्रकावर PY34 किंवा PR104 असं छापलेलं असतं. लाल-हिरवा पास झाला म्हणून ते निर्धोक धरू नका, इतकंच सांगेन. काही जुन्या पद्धतीच्या एनॅमलमध्ये वाळायला मदत करणारा ड्रायरही शिशाचा असतो आणि तो कुठल्याही रंगात असू शकतो.

दुसरा गोंधळ रिपोर्टचा. भाची, काकांच्या त्या ‘पास’ रिपोर्टवर चाचणीचं नाव काय आहे?

एडिसनची_भाची
‘आयएस ९८७३ भाग ३’ असं आहे. शिसं ९० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत, पास.

आणि आकडे मिळाले, थोडी धावपळ झाली. ४८० संच आले. ६ नमुन्यात गेले. गॅरेजमध्ये १५०. दोन दुकानांना मिळून ७२ दिले, त्यातले २५ पडून आहेत. वेबसाइटवरून १९० गेले, स्टॉलवर ६२. एका संचाची किंमत ३४ डॉलर.

रंगारी_पुणे
बरोब्बर, तोच घोळ. मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजेच पीपीएम, आणि दोन्हीकडे ९० लिहिलेलं आहे म्हणून सगळ्यांना वाटतं चाचणी एकच. नाही.

भाग ३ मध्ये रंग खरवडून ३७ अंशाच्या पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर हलवतात आणि तासभर ठेवतात. मुलाने गिळलं तर पोटात किती विरघळेल, त्याची नक्कल. त्या द्रावणात जेवढं शिसं *उतरलं* तेवढंच मोजतात.

अमेरिकेच्या १३०३ ला पोटाची नक्कल नको आहे. तिथे खरवडलेला रंग तीव्र आम्लात पूर्ण विरघळवतात आणि *आहे ते सगळं* शिसं मोजतात. लेड क्रोमेट पातळ आम्लात अगदी थोडं उतरतं. त्यामुळे एकाच डब्यातला रंग भारतीय रिपोर्टात ४० दाखवून पास होऊ शकतो आणि अमेरिकन चाचणीत २,१४० दाखवून नापास. दोन्ही लॅब खऱ्या, कोणी फसवलं नाही.

काकांना असं सांग: एका चाचणीत चहात किती साखर विरघळली ते मोजलं, दुसऱ्यात डब्यात किती साखर आहे ते.

कायदा_आणि_कागद
उदाहरण छान. पण इथे एक घड्याळ चालू आहे त्याबद्दल कोणी बोललं नाही. अमेरिकन कायद्यात कंपनीला असुरक्षित मालाची माहिती कळल्यापासून २४ तासांत आयोगाला कळवावं लागतं, चौकशीची गरज असेल तर दहा कामाचे दिवस. पण इथे नोटीस आयोगानेच दिली आहे, त्यामुळे त्यांना माहितीच आहे. वेगळं कळवायची गरज नाही.

पोर्ट_न्यूअर्क
अर्धं बरोबर, ताई. आयोगाला ‘पुरेशी’ माहिती असेल तर वेगळी नोंद लागत नाही, हे नियमात आहे. पण आयोगाला काय माहीत आहे? सहा संच. ४७४ कुठे गेले, कोणी विकले, कोणाला काही त्रास झाला का, दुसरा माल येतोय का, यातलं काहीच नाही. म्हणून मी सांगतो की saferproducts.gov वर धंद्यांसाठीचं जे दालन आहे तिथे पूर्ण अहवाल भरून टाका. अहवाल दिला म्हणजे गुन्हा कबूल केला असा अर्थ होत नाही, हेही नियमातच आहे.

कायदा_आणि_कागद
माझं मत तरी असं की वकिलाला न दाखवता तो अहवाल भरू नये. त्यात ‘तुम्हाला हे केव्हा कळलं’ असा प्रश्न असतो आणि तिथली तारीख पुढे सगळीकडे फिरते.

पोर्ट_न्यूअर्क
तारखेबाबत सहमत. खरी लिहायची आणि एकच लिहायची. काकांनी पत्र उघडण्याआधी कुठल्या ईमेलमध्ये शिशाचा उल्लेख वाचला असेल तर तीच तारीख. वकील हवा की नको हे त्यांनी ठरवावं. तीनशे संचांसाठी सगळेच वकील करतात असं नाही.

तुझे आकडे जुळतात का ते मांडून दाखवतो, कारण अधिकारी पहिली बेरीज हीच करणार.

गॅरेज १५० आणि दुकानात पडून २५, म्हणजे १७५ न विकलेले. वेबसाइट १९०, स्टॉल ६२, दुकानांनी विकलेले ४७, म्हणजे लोकांकडे २९९. दोन्ही मिळून ४७४, नमुन्याचे ६ धरून ४८०. जमलं. रिकॉलच्या जाहीर सूचनेत ‘सुमारे ३००’ येईल. सगळ्यांनी पैसे मागितले तर २९९ गुणिले ३४, म्हणजे १०,१६६ डॉलर. सगळे मागत नाहीत, पण तेवढी तयारी ठेवायची.

आता आज संध्याकाळपर्यंत काय करायचं. वेबसाइटवरचं पान बंद. ‘आउट ऑफ स्टॉक’ असा खोटा शब्द नको, पान काढूनच टाका. दोन्ही दुकानांना लेखी निरोप: विक्री थांबवा, २५ संच बाजूला काढून खोक्यात बंद करा, खोक्यावर ‘विक्रीसाठी नाही’ लिहा, फोटो पाठवा. गॅरेजमधल्या १५० चंही तसंच. कोणत्या खोक्यात किती, ते खोक्यावरच मार्करने. जुनी पावती, बिलं, कारागिराशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप काहीही डिलीट करायचं नाही.

आणि ज्याची काकांना सगळ्यात घाई आहे ते *करायचंच नाही*, माल भारतात परत पाठवणं. मर्यादा मोडलेला माल देशाबाहेर पाठवणं हीसुद्धा या कायद्यात विक्रीसारखीच बंद असलेली गोष्ट आहे. आयोगाला आधी लेखी कळवून, त्यांची हरकत नाही असं लेखी मिळाल्यावरच ते करता येतं. गुपचूप कुरियर केला आणि आठवड्याने अधिकारी म्हणाला ‘१५० दाखवा’, तर मग काय सांगणार?

तळकोकण
मग काय जाळायचे का? लाकूडच आहे शेवटी.

रंगारी_पुणे
नको रे बाबा, जाळू नकोस. शिसं धुरात आणि राखेत जातं, आणि राख कोणी बागेत टाकते.

नष्ट करण्यातही एक पाचर आहे. अमेरिकेत टाकाऊ मालाची एक चाचणी असते, त्यात निथळलेल्या द्रावणात शिसं लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त आलं तर तो घातक कचरा ठरतो. घरातली माणसं आपापलं एखादं खेळणं टाकतात त्याला हे लागत नाही, पण काका धंदा करतात. एका संचाचं वजन किती?

एडिसनची_भाची
खोक्यासकट ९०० ग्रॅम लिहिलंय.

रंगारी_पुणे
म्हणजे १७५ संच १५७ किलोच्या वर जातात. महिन्याला १०० किलोपर्यंत घातक कचरा असणाऱ्यांना नियम बरेच सैल आहेत, त्याच्या वर गेलं की कागदपत्रं वाढतात. रंगाचा थर पातळ आणि लाकूड जास्त असल्याने चाचणीत पास होऊनही जाईल, पण ते गृहीत धरायचं नाही. खोका-पुठ्ठा वेगळा काढला की वजन कमी होतं, तो भाग तर रंगवलेला नाही. कचरा उचलणाऱ्या परवानाधारकाला आधी विचारा. आणि नष्ट करण्याची तारीख अधिकाऱ्याला आधी सांगा. कधी ते स्वतः बघायला येतात, कधी फोटो आणि पावतीवर भागतं.

सुमेधा_ह
मी थोडी भोळी शंका विचारते. खोक्यावर ‘३ वर्षांवरील’ लिहिलं असतं तर हे सगळं टळलं असतं ना? लहान बाळं नाहीत तर मग शिशाचा प्रश्न नाही.

पोर्ट_न्यूअर्क
नाही. वयाचा आकडा लहान तुकड्यांच्या नियमासाठी महत्त्वाचा. तीन वर्षांखालच्या खेळण्यातून सुटणारा तुकडा ठरावीक मापाच्या नळकांड्यात, ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या, मावता कामा नये. शिशाच्या रंगाची बंदी बारा वर्षांपर्यंतच्या सगळ्या खेळण्यांना आहे. आणि खोक्यावर काय छापलंय तेवढ्यावर वय ठरत नाही, ते खेळणं दिसतं कुणासाठी हे अधिकारी पाहतात. लाकडी केळं नि मिरची दोन वर्षांचं पोरही तोंडात घालणार.

त्यावरून आठवलं, भाची. पत्रात तुकड्यांचा उल्लेख नाही, तरी मिरचीचा आणि टोमॅटोचा देठ खेचून बघा. फेव्हिकॉलने चिकटवलेला असेल तर तो पुढच्या मालात सुटतो, आणि मग दुसरं पत्र येतं.

मसालेवाला_एनजे
मीही हे मान्य करतो, आमच्याकडे एकदा प्रश्न आला नि गेला. पण मंडळाच्या स्टॉलवरच्या ६२ जणांना शोधणार कसं? रोखीत घेतले असतील तर नाव ना गाव.

पोर्ट_न्यूअर्क
हा खरा कठीण भाग. वेबसाइटचे १९० सोपे, ईमेल आहेत. सगळ्यांना एकच मजकूर. त्याच्या विषयाच्या ओळीत ‘रिकॉल’ हा शब्द हवाच, ‘महत्त्वाची सूचना’ वगैरे गुळमुळीत नको. मजकूर पाठवण्याआधी तो अधिकाऱ्याला दाखवावा लागतो, स्वतःच्या मनाने पाठवू नका.

स्टॉलच्या ६२ साठी झेलचा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेचा, इतिहास काढा, ज्यांनी फोनने पैसे दिले त्यांची नावं तिथे असतात. बाकीच्यांसाठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आणि पुढच्या कार्यक्रमाच्या दारात फोटोसकट सूचना. सूचनेत पिवळ्या कणसाचा आणि नारिंगी गाजराचा जवळून घेतलेला फोटो हवा, नाहीतर लोक म्हणतात ‘आमचा तो नाही’. दुकानांच्या ४७ ला दुकानात लावायचा फलक, गल्ल्याजवळ, दाराच्या मागे नाही. किती दिवस ठेवायचा ते अधिकारी सांगेल.

परतफेडीची पद्धत सोपी ठेवली तर जास्त लोक येतात. ‘पोस्टाने परत पाठवा’ म्हटलं की अर्धे कंटाळतात. अधिकारी मान्य करत असेल तर: संचावर मार्करने फुली मारा, फोटो पाठवा, कचऱ्यात टाका, ३४ डॉलर घ्या. आणि मग महिन्याला एक छोटा अहवाल: किती जणांना कळवलं, किती परत आले, कुणाला त्रास झाल्याची तक्रार आहे का.

कायदा_आणि_कागद
‘त्रास’ म्हटलं म्हणून. एखाद्या आईने रक्ततपासणीत शिसं आल्याचं कळवलं तर काकांनी ‘तुमच्या घरातल्या जुन्या रंगामुळे असेल’ असं उत्तर देऊ नये. नोंद घ्यावी, अधिकाऱ्याला कळवावं, बाळाच्या डॉक्टरकडे जायला सांगावं. कारण शोधणं काकांचं काम नाही.

तळकोकण
बरं, हे सगळं मान्य. पण सगळा भार काकांवर का? रंग कारागिराने लावला, डबा दुकानदाराने विकला.

पोर्ट_न्यूअर्क
कारण सावंतवाडीतल्या माणसावर अमेरिकन आयोगाचा हात पोचत नाही. कायद्याच्या भाषेत आयातदार हाच उत्पादक. म्हणून प्रमाणपत्रही त्यांच्याच नावाने निघतं, कारागिराच्या नाही. काका म्हणत असतील ‘मी फक्त विकतो’, तर तो गैरसमज पहिल्याच फोनवर दूर कर.

हे त्यांना वाचून दाखव, मुद्दाम सोपं लिहिलंय:

*काका, दंड झालेला नाही. धंदा बंद केलेला नाही. फक्त हे संच विकायचे नाहीत, कुठे पाठवायचे नाहीत, फेकायचे नाहीत. १७५ तुमच्या ताब्यात, मोजून बंद. २९९ लोकांना कळवून पैसे परत द्यायचेत, कसे ते अधिकाऱ्याशी ठरवून. पत्रातल्या मुदतीच्या आत एक उत्तर जायला हवं. त्यात पाच गोष्टी: विक्री केव्हा थांबवली, किती आले, किती विकले, कुठे आहेत, आणि पुढच्या मालाला काय वेगळं करणार. पाचवी अजून ठरलेली नाही, ती ‘तपासत आहे’ असं लिहा, पण रिकामी ठेवू नका.*

रंगारी_पुणे
पाचवीसाठी माझ्याकडून. कारागिराला ‘शिसंमुक्त रंग आण’ म्हणून भागत नाही, तो दुकानदाराला विचारेल आणि दुकानदार ‘हो’ म्हणेल. डब्याचं सुरक्षा पत्रक मागवा, त्यात PY34 किंवा PR104 असेल तर तो डबा बाद. नसेल तरी तपासणी करायचीच, पत्रकात काही वेळा सगळं लिहिलेलं नसतं.

पिवळ्यासाठी सेंद्रिय पिगमेंटचा रंग चालतो, पण तो कमी झाकतो. खाली पांढरा हात द्यावा लागतो आणि ऊन लागलं की लवकर उडतो. बिस्मथ व्हॅनाडेटचा पिवळा झाकतो चांगला, पण महाग. कारागीर म्हणेल रंग ‘मेला’ दिसतो, म्हणेलच. किंमत थोडी वाढवून घ्या, पण गुपचूप जुना डबा उघडला तर पुन्हा हेच.

एक सापळा: लॅबला पैसे वाचवायला सांगितलं तर ती तीन रंग एकत्र खरवडून मोजते. मिश्रणात ४० आलं की कागदावर ९० च्या आत. पण दोन रंगांत शून्य असेल तर तिसऱ्यात १२० असू शकतं. पिवळा आणि नारिंगी वेगळेच मोजायला सांगा. आणि लॅब सीपीएससीने मान्य केलेल्यांपैकी हवी. अशा लॅबा भारतातही आहेत, त्यांच्या यादीत नाव बघूनच माल द्या.

सुमेधा_ह
अ‍ॅमेझॉनवर त्या शिसं ओळखणाऱ्या काड्या मिळतात. घासली की लाल होते. त्याने काका घरीच तपासू शकत नाहीत का?

रंगारी_पुणे
त्या काड्या जुन्या घरांच्या भिंतींसाठी. त्यांचं गणित ०.५ टक्क्याच्या आसपास, म्हणजे ५,००० पीपीएम. काकांचा पिवळा २,१४० आहे, काडी कदाचित लालही होणार नाही आणि काका खूश होतील. ९० ओळखणं त्या काडीच्या आवाक्याबाहेरचं.

एडिसनची_भाची
काकांना वाचून दाखवलं. आधी ‘मी फक्त विकतो’ यावरच अडले होते, मग शांत झाले. दुकानांचे फोटो आले, २५ बंद. एका दुकानाने मात्र ‘आम्ही १२ विकले, १५ नाही’ असं म्हटलंय, त्यामुळे २९९ चा आकडा हलतोय.

आणि एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. ‘दुसरा माल येतोय का’ असं पोर्ट_न्यूअर्क यांनी विचारलं तेव्हा मी काकांना विचारलं नव्हतं. येतोय. २०० संच जेएनपीटीहून निघालेत, बोट दोन आठवड्यांत. तोच कारागीर. डब्याचा फोटो मागवला, त्यावर ‘औद्योगिक वापरासाठी’ असंच आहे.

रंगारी_पुणे
डब्यावरचा बॅच क्रमांक आणि तारीख हवी. झाकणावर किंवा तळाला शिक्का असतो, कंपनीच्या लेबलावर नाही.

पोर्ट_न्यूअर्क
हे उद्याच्या उत्तरात जायलाच हवं, वेगळा परिच्छेद करून. अधिकाऱ्याला बोटीवरून नंतर कळलं तर आतापर्यंतचा प्रामाणिकपणा वाया. लिहा: २०० संच वाटेत आहेत, तोच पुरवठादार, आम्ही ते विक्रीत आणणार नाही.

काकांच्या कस्टम्स ब्रोकरला आजच सांगा, माल येण्याआधी. ब्रोकरने नेहमीसारखी एंट्री भरून टाकली तर तो माल काकांनी आत आणला असं होईल. आत न आणता बंदरातूनच परत फिरवता येईल का, हे ब्रोकर आणि अधिकारी दोघांना विचारायचं. इथे परत पाठवण्याचं गणित गॅरेजमधल्या मालापेक्षा वेगळं असू शकतं, कारण तो अजून बाजारात उतरलेला नाही. पण ते लेखी मिळेपर्यंत धरून चालू नका.

दुकानाच्या १२ की १५ बद्दल: दुकानाची बिलं मागवा. नाही मिळाली तर मोठा आकडा धरा आणि का धरला ते एका ओळीत लिहा.

एडिसनची_भाची
ब्रोकरला फोन लावलाय, सोमवारी उचलेल म्हणतात. झाकणाचा फोटो आला की इथे टाकते.